स्टेरॉईडची गोळी अचानक बंद का करायची नाही

सप्रेम नमस्कार,

खांदे आणि मांड्यांच्या आखडलेपणासाठी आपल्याला आजपासून प्रेडनिसोलोन ही स्टेरॉईडची गोळी, १५ मिलिग्रॅम, रोज सकाळी न्याहारीनंतर, सुरू केले आहे. थोड्याच दिवसांत इतके बरे वाटेल की गोळी कशाला हवी असे मनात येईल, आणि मला काळजी आहे ती त्याच वेळेची.

मूत्रपिंडांवर बसलेल्या दोन लहान ग्रंथी रोज कॉर्टिसोल बनवतात, ज्याच्यावर रक्तदाब, साखर आणि आजारपणात तग धरण्याची ताकद अवलंबून असते. बाहेरून त्याच कामाची गोळी मिळत राहिली की तीन-चार आठवड्यांत या ग्रंथी सुस्तावतात आणि त्यांना पुन्हा जागे व्हायला कित्येक महिने लागू शकतात. माझे एक रुग्ण गावच्या जत्रेला गेले, गोळ्या घरीच राहिल्या. चौथ्या दिवशी उलट्या, प्रचंड थकवा आणि उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी. घरच्यांना ते जेवणाचे बाधणे वाटले, पण ती गोळी अचानक थांबल्याने झालेली कॉर्टिसोलची कमतरता होती.

म्हणून डोस आपण टप्प्याटप्प्याने उतरवू: तीन आठवड्यांनी १२.५, आणखी तीन आठवड्यांनी १०, आणि त्यानंतर दर महिन्या-दोन महिन्यांनी फक्त एकेक मिलिग्रॅमने कमी. घरात आठवड्याच्या गोळ्या शिल्लक असतानाच नवी पाकिटे आणावीत. उलट्यांमुळे गोळी पोटात ठरत नसेल तर वाट न पाहता रुग्णालयात जाऊन हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉईडचे इंजेक्शन घ्यावे. जोराचा ताप आल्यास किंवा शस्त्रक्रिया ठरल्यास डोस तात्पुरता वाढवावा लागतो, तेव्हा मला आधी कळवावे.

आपला,
डॉक्टर