पालकांच्या नियमबैठकीची तयारी : क्रीडाशिक्षकांना पत्र

प्रति,
माननीय क्रीडाशिक्षक,

विषय : बारा वर्षांखालील फुटबॉल संघाच्या पालकांसाठी मैदानावर नियमबैठक घेण्याबाबत.

महोदय,

सादर नमस्कार. आपल्या संघाचे आंतरशालेय सामने पुढच्या पंधरवड्यात सुरू होत आहेत. त्याआधीच्या एखाद्या शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, आपण पालकांना खेळाचे मोजके नियम मैदानावरच समजावून सांगावेत, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पाऊण तास पुरेल. या बैठकीचा सगळा भार आपल्यावर पडू नये म्हणून काय घ्यावे, कशाची जुळवाजुळव करावी आणि त्यातले काय आम्ही करू, ते पुढे मांडले आहे. आपण त्यात हवी तशी काटछाट करावी.

विनंतीमागे गेल्या महिन्यातला सराव सामना आहे. आपल्याला कॉर्नर मिळाला. उंच आलेला चेंडू अडवायला समोरचा गोलरक्षक पुढे धावला, त्याने ठोसा मारून चेंडू बाहेर काढला आणि तो पेनल्टीच्या ठिपक्याजवळ पडला. बाकीचे बचावपटूही चेंडूमागे पुढे सरकले होते. गोलरेषेवर त्यांचा एकच मुलगा राहिला होता. चेंडू पेनल्टी क्षेत्राच्या कडेला आपल्या मुलाकडे गेला, त्याने तो गोलपासून तीन पावलांवर उभ्या असलेल्या माझ्या मुलाकडे ढकलला आणि गोल झाला. लगेच ऑफसाइडचा झेंडा वर गेला. त्यावर आम्ही जे ओरडलो ते येथे लिहिण्यासारखे नाही, आणि त्यात माझा आवाज सर्वांत मोठा होता. झेंडा धरणारा मुलगा अकरावीतला असावा. त्याने खाली घातलेली मान मला घरी आल्यावरही आठवत राहिली, कारण तोवर मी नियम वाचला होता आणि निर्णय त्याचाच बरोबर होता.

आमचे दोन्ही आक्षेप अर्धेच खरे होते. ‘रेषेवर त्यांचा एक जण होता’ हे खरे, पण नियम शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याचा आहे. एरवी शेवटचा गोलरक्षक असतो, त्यामुळे आपण नुसता एक बचावपटू मोजतो आणि ते जमूनही जाते; गोलरक्षकच पुढे आला की तो हिशेब फसतो आणि मागे आणखी कोणी तरी लागतो. ‘कॉर्नरला ऑफसाइड नसतो’ हेही खरे, पण ती सवलत कॉर्नरच्या किकमधून थेट येणाऱ्या चेंडूपुरती आहे. ठोसा बसून चेंडू आपल्या मुलाकडे गेला आणि त्याने तो पुढे दिला, तेव्हा त्या क्षणी कोण कुठे उभा होता हे नव्याने पाहावे लागते. शाहू स्टेडियमवर तालमींचे सामने बघत लहानाचे मोठे झालेल्या आम्हा कोल्हापूरकरांना नियम येतात हा आमचा समज आहे, आणि खरी अडचण तीच आहे.

म्हणून बैठकीचा निम्मा वेळ एकट्या ऑफसाइडला द्यावा. फळ्यावर वर्तुळे आणि बाण काढून तो समजत नाही, कारण चित्रात चेंडू सुटण्याचा क्षण दिसत नाही. त्याऐवजी आठ पालकांना मैदानात उभे करावे, चार बचावात, एक गोलात आणि तीन चढाईत, आणि मुलांचा ‘स्टॅच्यू’ खेळावा: पास देणाऱ्याचा पाय चेंडूला लागताच आपण शिट्टी वाजवायची आणि सर्वांनी जागीच थांबायचे. मग गोलरक्षक धरून शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या रेषेत दोघांनी आडवा दोर ताणून धरायचा. दोराच्या पुढे आणि चेंडूच्याही पुढे जो उभा दिसेल तो ऑफसाइड स्थितीत. बरोबरीत असलेला नाही, आणि स्वतःच्या अर्ध्या मैदानातला तर नाहीच. नुसता हात दोरापुढे गेला तर तो धरत नाहीत, हेही तेव्हाच दाखवता येईल. नंतर हाच पास पुन्हा खेळवावा, पण या वेळी शिट्टी चेंडू पोहोचल्यावर वाजवावी. कडेला बसून आपण नेमके याच चुकीच्या क्षणी बघतो, हे प्रत्येकाला आपसूक कळेल. शेवटी गोलरक्षकाला ठिपक्यापर्यंत पुढे आणून आमचा तो फसलेला गोल पुन्हा मांडावा, ही खास विनंती. वीस मीटर दोर आणि आठ शंकू मी आणतो. बिब शाळेचे वापरता येतील.

हाताला चेंडू लागण्याबाबत दहा मिनिटे पुरेत. हाताला लागला म्हणजे फाउल, असे नाही. मुद्दाम हात नेला का, किंवा हात अनैसर्गिकपणे पसरून अंग मोठे केले का, हे पंच पाहतात. मात्र ज्याच्या हाताला लागून चेंडू थेट गोलात जातो त्याचा तो गोल चुकून लागला असला तरी धरत नाहीत. हा फरक प्रत्यक्ष दोन-तीनदा दाखवल्यास ‘हँड, हँड’ हा गजर थोडा तरी कमी होईल.

बैठकीपूर्वी आयोजकांकडून स्पर्धेचे नियमपत्रक मागवून ठेवावे, कारण लहान गटांसाठी सामन्याचा वेळ, मैदान, चेंडू, गोलखांबांचे माप आणि बदली खेळाडूंची पद्धत बदलण्याची मुभा नियमांतच दिलेली आहे. बाहेर काढलेला मुलगा पुन्हा कसा आला, या प्रश्नावर आमच्यात एकदा वाद पेटला होता. त्याचे उत्तर त्या पत्रकात असते. गोलरक्षकाने हातात चेंडू किती वेळ धरायचा, तेही विचारून घ्यावे. जुनी सहा सेकंदांची मर्यादा २०२५-२६ च्या नियमांत आठ झाली असून ती ओलांडल्यास समोरच्या संघाला कॉर्नर मिळतो. आमच्यातले बरेच जण अजून सहाच मोजतात.

सामन्याच्या सकाळी घरी करायचे काम थोडे आहे, पण ते राहून जाते. नडगीचे पॅड सक्तीचे आहेत आणि ते मोज्यांनी झाकलेले असावे लागतात. भिकबाळी, साखळी, मनगटातला कडा किंवा रबरबँड घरीच काढून ठेवावा, कारण वरून चिकटपट्टी लावलेली चालत नाही. नवसाचा गंडा असेल तर त्याबद्दल आजीशी आदल्या रात्रीच बोलून घ्यावे. सामना सुरू होताना मैदानाच्या कडेला ते होत नाही.

उरलेली पाच मिनिटे आम्ही कुठे आणि कसे बसायचे, यासाठी ठेवावीत. बाजूच्या रेषेपासून तीन पावले मागे आपण चुन्याची आणखी एक रेष मारून द्यावी. तिच्या आत आणि गोलच्या मागे कोणी उभे राहणार नाही, हे आम्ही पाहू. शिट्टी कोणीही आणू नये, हे मात्र आपल्याच तोंडून सांगितले जावे. प्रेक्षकाच्या शिट्टीने मुले थबकली आणि खेळात व्यत्यय आला, तर पंच खेळ थांबवून चेंडू टाकून पुन्हा सुरू करतात. म्हणजे चढाई आपली असली तर ती आपल्याच माणसाने मोडलेली असते.

पालकांना निरोप देणे, पाण्याचा जार आणि बसायला सतरंज्या आणणे ही कामे आम्ही तिघांनी वाटून घेतली आहेत. सोयीचा शनिवार माझ्या मुलाच्या डायरीत लिहून पाठवावा. त्या अकरावीतल्या मुलाची शाळा आपल्याला ठाऊक असेल, तर त्यालाही बोलवावे. दोराचे एक टोक त्याच्या हाती द्यावे आणि दुसरे मी धरीन.

आपला विश्वासू,
इयत्ता सहावीतील एका खेळाडूचा पालक