‘ऑफ माय’ की ‘ऑफ माइन’?

पुण्यात इंग्रजी शिकवताना मला ‘अ फ्रेंड ऑफ माय लिव्ह्ज इन कोथरूड’ असे वाक्य वारंवार आढळते. ही चूक स्वाभाविक आहे, कारण ‘माझा मित्र’ आणि ‘तो मित्र माझा आहे’ या दोन्ही ठिकाणी मराठीतला ‘माझा’ तसाच राहतो. इंग्रजीत मात्र ‘माय’च्या पुढे नाम यावेच लागते आणि ते नसेल तेथे ‘माइन’ येते. म्हणून ‘अ फ्रेंड ऑफ माइन’ हेच शुद्ध रूप होय; ‘ऑफ’ आणि ‘माइन’ दोन्ही ‘चा’ हा संबंध दाखवत असल्याने त्याला दुहेरी षष्ठी म्हणतात. ‘अ फ्रेंड ऑफ माय ब्रदर्स’, म्हणजे माझ्या भावाचा एक मित्र, हे बरोबर आहे, कारण तेथे ‘माय’ भावाला जोडलेले आहे. ‘हिज’ दोन्ही जागी सारखेच राहत असल्याने ‘माय’ हवे की ‘माइन’ हे पडताळण्यासाठी त्यांच्या जागी ते घालून पाहू नये.