मंगल कार्यालयाची वेबसाइट: फोटो दोन दिवसांत होतात, घोळ तारखेचा होतो

कार्यालय शोधणारं कुटुंब सहसा एकच तारीख घेऊन येत नाही. गुरुजींनी पंचांग बघून तीन-चार मुहूर्त काढून दिलेले असतात, चिठ्ठी खिशात असते आणि मग फोन सुरू होतात: "एकोणतीस मिळेल का? नाही? बरं, सहा डिसेंबर?" वेबसाइटला या प्रश्नाचं धड उत्तर देता आलं नाही, तर बाकीची सजावट फुकट आहे. कर्वे रस्त्यापासून सिंहगड रस्त्यापर्यंत बऱ्याच कार्यालयांच्या वेबसाइट मी केल्या आहेत. मालक माझ्याशी तासभर बोलतात ते फोटोंबद्दल, आणि सहा महिन्यांनी तणतणत फोन करतात ते तारखेबद्दल.

डोमेन, होस्टिंग, फोन नंबर ठळक लावणं हे तुम्हाला येतं असं धरून पुढे जातो.

फोटो. लग्नातल्या सजावटीचे आणि रिकाम्या हॉलचे, दोन्ही लावा. फक्त फुलांनी मढवलेलं स्टेज दाखवलं, की लोक बघायला आल्यावर विचारतात, "हे सगळं पॅकेजमध्ये आहे ना?" प्रत्येक फोटोखाली सजावट कार्यालयाची की बाहेरच्या डेकोरेटरची, हे एका ओळीत लिहा. वरपक्षाच्या आणि वधूपक्षाच्या खोल्या, त्यांची बाथरूम, भटारखाना, जेवणाचा हॉल, लिफ्ट आणि पार्किंग यांचे फोटो हवेतच. आजीला जिना चढावा लागेल का, हे घरातली कोणीतरी काकू बघतेच. फोटोची रुंदी 1600 पिक्सेल पुरते, वजन 300 केबीच्या आत ठेवा. ज्यांच्या लग्नाचे फोटो लावता त्यांना आधी विचारा.

व्हर्च्युअल टूर. 360 अंशांचा कॅमेरा भाड्याने मिळतो. तो तिपाईवर डोळ्यांच्या उंचीला ठेवून सहा-सात जागांवरून फोटो काढा आणि दाखवायला `Pannellum` वापरा, ते फुकट आहे. फोटो 4096 × 2048 च्या वर नेऊ नका, कारण साध्या मोबाइलवर त्याहून मोठा फोटो कधीकधी नुसता काळा दिसतो. टूर पान उघडताच सुरू न होता बटण दाबल्यावर सुरू होऊ दे. एवढंच.

आता तारीख.

पहिल्या कार्यालयाच्या वेळी मी सरळ एक कॅलेंडर केलं होतं: एक तारीख, एक चौकोन, हिरवा म्हणजे मोकळा, लाल म्हणजे भरलेला. मॅनेजर काका लग्न पक्कं झालं की त्या दिवसाचा चौकोन लाल करायचे. एका रविवारचं लग्न त्यांनी रविवारी लाल केलं, शनिवार हिरवाच राहिला. एका कुटुंबाने शनिवार संध्याकाळचं रिसेप्शन विचारलं, आपोआप "उपलब्ध" असं उत्तर गेलं, त्यांनी त्याच भरवशावर पाहुण्यांना कळवायला सुरुवात केली. पण शनिवारी संध्याकाळी तिथे रविवारच्या लग्नाचं सीमांत पूजन होतं! आपल्याकडे नेहमीचं पॅकेज आदल्या संध्याकाळपासून लग्नाच्या दुपारपर्यंतचं असतं, आणि मी मात्र कॅलेंडर लॉजच्या खोल्यांसारखं केलं होतं. काकांची काही चूक नव्हती. त्यांच्या डायरीत शनिवारच्या पानावर "सीमांत, रवि. लग्नाचं" असं स्वच्छ लिहिलेलं होतं.

तेव्हापासून मी तारीख हा एकक मानतच नाही. एकक आहे सत्र. प्रत्येक दिवसाची दोन सत्रं धरायची, सकाळ आणि संध्याकाळ, आणि मधले दोन तास झाडलोट व मांडामांड यासाठी. कार्यालयात दोन हॉल असतील तर प्रत्येक हॉलची सत्रं वेगळी. मग एक बुकिंग म्हणजे सत्रांची यादी. उदाहरणापुरतं 29 नोव्हेंबर 2026, रविवारचं लग्न घ्या. "सीमांतासह लग्न" या पॅकेजमध्ये दोन सत्रं जातात: 28 ची संध्याकाळ आणि 29 ची सकाळ. 29 ची संध्याकाळ अजून मोकळी आहे, ती दुसऱ्या कोणाला रिसेप्शनसाठी देता येते. "पूर्ण दिवस" घेतला तर 29 ची सकाळ आणि संध्याकाळ जाते, आणि सीमांत हवं असेल तर 28 ची संध्याकाळही, म्हणजे तीन. पॅकेज निवडलं की कोणती सत्रं अडतात हे वेबसाइटने स्वतः काढायचं. माणसाच्या आठवणीवर सोडायचं नाही.

गोरज मुहूर्त इथे हमखास अडचण करतो. लग्न संध्याकाळी लागणार असतं, पण कुटुंब फॉर्ममध्ये "सीमांतासह लग्न" निवडतं, आणि ते पॅकेज दुपारी संपतं. म्हणून मुहूर्ताची वेळ ठाऊक असेल तर ती विचारा. वेळ दुपारनंतरची असेल, तर पॅकेज बदलावं लागेल असं फॉर्म पाठवण्याआधीच सांगा. आणि संध्याकाळच्या सत्रासमोर हेही लिहा की स्पीकर रात्री दहाला बंद होतो. रात्री पावणेदहाला वरात दारात उभी असताना ते सांगायची वेळ येऊ नये.

एकच सत्र दोनदा विकलं जाऊ नये, याची खात्री फॉर्मवर किंवा मॅनेजरवर सोडू नका. ती डेटाबेसमध्येच असू दे. प्रत्येक सत्राची एक ओळ, आणि तक्त्याला ही अट:

```
UNIQUE (hall_id, day, session)
```

आता एकाच वेळी दोघांनी बटण दाबलं, तरी दुसऱ्याची ओळ जाणारच नाही. एका बुकिंगच्या सगळ्या ओळी एकदम लिहा: त्यातली एक अडली तर कुठलीच जाऊ नये. नाहीतर 28 ची संध्याकाळ अडकून बसते आणि 29 ची सकाळ दुसऱ्याकडे जाते.

पुढचा प्रश्न पेन्सिलीचा. प्रत्येक कार्यालयाच्या डायरीत काही नावं शाईने असतात, काही पेन्सिलीने. "घरी विचारून सांगतो" म्हणणाऱ्यांसाठी तारीख पेन्सिलीने लिहून ठेवतात आणि अनामत आली की शाईने. वेबसाइटवरही तीन अवस्था लागतात: मोकळं, राखून ठेवलेलं, पक्कं. पण पेन्सिलीची नोंद कधी खोडायची हे आधीच ठरलेलं हवं. मी 48 तास ठेवतो. वेळ संपली की नोंद आपोआप पुसली जाते आणि मॅनेजरला तसा मेसेज जातो. मुदत नसलेली पेन्सिल म्हणजे सगळ्या सीझनचे रविवार अडवून ठेवलेले, आणि अनामत एकाचीही नाही. राखून ठेवायचा अधिकार मॅनेजरकडेच असू दे. बाहेरच्या माणसाला वेबसाइटवरून परस्पर तारीख राखता आली, तर एकेक कुटुंब पाच-पाच कार्यालयं राखून बसतं.

ग्राहकाला काय दाखवायचं? पूर्ण महिन्याचं कॅलेंडर तरी दाखवू नका, असं माझं ठाम मत आहे. डिझायनर मंडळींना ते फार आवडतं, पण सगळे चौकोन हिरवे दिसले की समोरचा माणूस भाव पाडायला बसतो, आणि लाल दिसले की फोनच करत नाही. विचारलेल्या तारखेचं उत्तर द्या, आणि ती भरली असेल तर लागलीच जवळचं मोकळं सत्र सुचवा. फॉर्ममध्ये तारखेच्या तीन जागा ठेवा, कारण चिठ्ठीवर तीन-चार मुहूर्त असतातच. त्याशिवाय नाव, फोन, कार्य कोणतं आणि अंदाजे पानं किती, बस्स. मुंज किंवा साठीशांत असेल तर सीमांताचा पर्याय दाखवूच नका. 2026 मध्ये 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ आहे. त्या दिवसांत लग्नाची विचारणा आली, तर "या काळात अधिक मास आहे, तारीख पुन्हा बघाल का?" एवढी ओळ दाखवा. विचारणा अडवू मात्र नका, रजिस्टर लग्नाच्या जेवणाला कोणी अधिक मास बघत नाही.

आणि आता ती चूक, जिच्यामागे माझे तीन दिवस गेले. विचारणा 29 ची, कार्यालयाच्या ईमेलमध्ये 28! तारीख निवडणाऱ्याने बरोबर निवडलेली, स्क्रीनवरही बरोबर, पोचली ती एक दिवस आधीची. कारण हे:

```
new Date(2026, 10, 29).toISOString()
// "2026-11-28T18:30:00.000Z"
```

आपली मध्यरात्र म्हणजे जागतिक वेळेनुसार आदल्या दिवशीची संध्याकाळ, साडेपाच तास मागे. त्या ओळीचा पुढचा भाग कापून तारीख म्हणून पाठवला, की दिवस घसरतो. यावर उपाय एकच: लग्नाची तारीख ही वेळ नाही, ती `2026-11-29` अशी साधी अक्षरं म्हणूनच घ्या, पाठवा आणि साठवा, डेटाबेसमध्येही `DATE` प्रकारात. मध्ये कुठेही तिचं वेळेत रूपांतर करू नका. पुण्यात हे जास्त महत्त्वाचं, कारण मुलगा किंवा मुलगी बऱ्याचदा अमेरिकेतून फॉर्म भरत असते. `new Date("2026-11-29")` तिथल्या फोनवर 28 तारीख दाखवतं. म्हणजे इथे सगळं नीट चालतंय असं वाटत असतानाही तिकडे चुकत असतं.

काकांच्या डायरीचं काय? ती बंद करा असं सांगायला गेलात तर तुम्हीच बंद व्हाल. मी पहिल्या आठवड्यात त्यांच्या शेजारी बसून पुढच्या वर्षभराची डायरी वेबसाइटमध्ये भरतो, पेन्सिलीच्या नोंदींसकट. त्यानंतर नोंद आधी वेबसाइटवर आणि मग डायरीत, हा क्रम पक्का. रोज सकाळी पुढच्या पंधरा दिवसांचं पान छापून डायरीत ठेवलं जातं. एक काका म्हणाले, "म्हणजे तुमच्या मशीनवर माझी नजर राहणार ना?" मी म्हटलं, राहू दे की. त्यांनी पहिल्याच महिन्यात दोन चुका पकडल्या, दोन्ही भरताना झालेल्या माझ्या.

पॅकेजची तुलना. मोबाइलवर चार पॅकेजं शेजारी शेजारी मावत नाहीत. दोन निवडू द्या आणि तीच दाखवा. "सिल्व्हर, गोल्ड" अशी नावं काही सांगत नाहीत, "सकाळचं लग्न" आणि "सीमांतासह लग्न" सांगतात. लोक मुळात पाहतात ते हे: कोणत्या वेळेपासून कोणत्या वेळेपर्यंत, किती खोल्या, किती पानं धरलेली, जास्तीच्या पानाचा दर, बाहेरचा केटरर चालतो का, वीज आणि जनरेटर वेगळं का, जीएसटी धरून की वगळून. 300 पानं धरली आणि 340 जेवली, तर चाळीस पानांचे किती होतील, हे तक्त्यातच करून दाखवा. भांडणं मुख्य रकमेवर होत नाहीत, या चाळीस पानांवर होतात.

वेबसाइट खुली करण्याआधी एका रविवारचं खोटं बुकिंग भरून बघा: सीमांतासह लग्न टाका आणि मग शनिवार संध्याकाळ, रविवार संध्याकाळ, रविवार सकाळ अशा तीन विचारणा करा. फक्त रविवार संध्याकाळ मोकळी म्हणून यायला हवी. मग फोनचा टाइमझोन न्यूयॉर्कचा करा आणि तेच पुन्हा भरा. तारीख एका दिवसाने हलली, तर वर दिलेल्या कोडकडे परत जा. न हलली, तर ते खोटं बुकिंग आठवणीने काढून टाका. माझं एकदा तसंच राहिलं होतं, आणि तो रविवार दोन महिने भरलेला दिसत होता.