मायटॉसिस-मायोसिसच्या वर्कशीटला बसण्याआधी

पेन्सिल आणि रबर तुमच्याकडे असतंच, त्याबद्दल मी काही सांगत नाही. लाल आणि निळी अशा दोन रंगीत पेन्सिली मात्र जवळ घ्या, आणि शिवणकामाच्या दुकानातून चार टिचबटणं आणा. हो, ब्लाउजला लावतात तीच, दाबली की टिच करून बसणारी. कशाला, ते पुढे येईल. आधी आणून ठेवा.

गेल्या वर्षी माझ्याकडे ती नव्हती. मी डिचोलीला घरीच अकरावीच्या शिकवण्या घेते. चवथीच्या सुट्टीआधी मुलांना चित्रांची वर्कशीट दिली आणि उत्तरांचा कागद रात्री उशिरा, लाईट ये-जा करत असताना, घाईघाईत केला. मायटॉसिसच्या अ‍ॅनाफेजसमोर मी लिहिलं ४. सुट्टीनंतर वह्या तपासताना एका मुलीचं उत्तर ८ होतं, त्यावर मी ऐटीत लाल फुली मारली. दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन आली आणि चित्रावर बोट ठेवून म्हणाली, "टीचर, मोजा ना तुम्हीच." मोजली. आठ होती. तोवर बाकीच्या सगळ्यांनी माझं ४ वहीत उतरवून घेतलं होतं, तेही पेनाने.

म्हणून सगळ्यात आधी एकच गोष्ट सांगते, पुढेही सांगत राहणार आहे. गुणसूत्रं मोजायची म्हणजे गुणसूत्रबिंदू मोजायचे. सेंट्रोमिअर. पाय मोजायचे नाहीत, टोकं मोजायची नाहीत, X आकार दिसला म्हणून दोन म्हणायचं नाही. जितके गुणसूत्रबिंदू तितकी गुणसूत्रं.

आता टिचबटणं काढा. प्रत्येक बटणाची दोन पाती सुटी करा, प्रत्येक पातीच्या भोकातून दोऱ्याचा एक तुकडा ओवा आणि बटण परत दाबून मिटवा. मिटलेलं बटण म्हणजे एक गुणसूत्र, दोन पदरांचं. एका बटणाचे दोन्ही पदर एकाच रंगाचे आणि एकाच लांबीचे हवेत. चार बटणं अशी करा: लांब लाल, लांब निळं, आखूड लाल, आखूड निळं. लाल आईकडून आलेलं समजा, निळं बाबांकडून. लांब लाल आणि लांब निळं ही एक समजात जोडी, आखूडांची दुसरी. झाली तुमची 2n = 4 ची पेशी. बहुतेक वर्कशीटमधली चित्रं याच आकड्याची असतात, कारण त्याहून जास्त गुणसूत्रं त्या इवल्याशा वर्तुळात मावत नाहीत.

हातात आहेत तोवर एक शंका मिटवून टाका. पेशी विभाजनाला लागण्याआधी एस टप्प्यात डीएनए दुप्पट होतो, मग गुणसूत्रंही दुप्पट होतात का? नाही. एकपदरी होतं ते दोनपदरी झालं, बटण एकच राहिलं. डीएनए दुप्पट, गुणसूत्रं तितकीच, म्हणजे प्रोफेजलाही ४ आणि मेटाफेजलाही ४. आकडा बदलतो तो बटण उघडल्यावर, आणि मायटॉसिसमध्ये ते उघडतं अ‍ॅनाफेजला. चारही बटणं टेबलावर मधोमध एका ओळीत मांडा, टिच टिच उघडा आणि अर्धी-अर्धी पाती दोन बाजूंना सरकवा. आता प्रत्येक पाती हे स्वतंत्र गुणसूत्र. एका बाजूला ४, दुसऱ्या बाजूला ४, आणि पेशी अजून एकच आहे, म्हणून पेशीत एकूण ८. माझं गेल्या वर्षीचं ४ एका टोकापुरतं खरं होतं, पण प्रश्न पेशीबद्दल होता आणि मी "एका टोकाला" असं लिहिलंही नव्हतं.

हे लिहिल्याशिवाय आकडा टाकायचाच नाही. "पेशीत एकूण ८, प्रत्येक टोकाला ४." दोन शब्द जास्त लागतात, लागू देत. प्रश्नात "प्रति पेशी" असेल तर पहिला आकडा आधी, "प्रति केंद्रक" असेल तर केंद्रकाचा. माणसाच्या पेशीचा प्रश्न आला की मुलं याच कारणाने बिचकतात. 2n = 46, मग मायटॉसिसच्या अ‍ॅनाफेजला किती? ९२. इतकी कशी असतील म्हणून ९२ खोडून ४६ लिहिणारे मी दरवर्षी बघते. बटणं उघडलीत ना? मग ९२च.

चित्रांचा कागदही नीट पाहून घ्या. झेरॉक्सची झेरॉक्स असेल तर ती परत करा आणि मूळ प्रत मागा. हा काही नखरा नव्हे. धुरकट प्रतीत गुणसूत्राचे दोन पदर एकमेकांत मिसळून एकच जाड रेघ दिसते, आणि मग मायोसिसमधली दोन चित्रं कुणालाही ओळखता येणार नाहीत. कोणती दोन, ते आता बघा.

मायोसिसच्या पहिल्या विभाजनात बटणं उघडायची नाहीत. लांब लाल आणि लांब निळं शेजारी-शेजारी आणा, आखूडांचंही तसंच, आणि अशा दोन जोड्या मधोमध मांडा. हे मेटाफेज वन. इथे मुलं दोन जोड्या बघून २ लिहितात. बटणं मोजा. चार आहेत, उत्तर ४. जोडी बनली म्हणून दोनांचं एक होत नाही. आता जोड्या सोडवा, लाल एका बाजूला आणि निळं दुसऱ्या बाजूला, बटणं मिटलेलीच. आखूड जोडीत उलटंही चालेल, आखूड निळं लांब लालसोबत गेलं तरी हरकत नाही, पेशीतही ते तसंच कसंही होतं. हे अ‍ॅनाफेज वन. पेशीत एकूण ४, प्रत्येक टोकाला २, आणि प्रत्येक गुणसूत्र दोनपदरी.

पुढे दोन पेशी होतात, प्रत्येकीत २. मध्ये डीएनए परत दुप्पट होत नाही. यातली एक पेशी घ्या, तिची दोन बटणं मधोमध मांडा आणि आता उघडा. अ‍ॅनाफेज टू. या पेशीत एकूण ४, प्रत्येक टोकाला २, एकपदरी.

म्हणजे दोन्ही चित्रांत आकडे तेच! ४ आणि २, ४ आणि २. नुसत्या आकड्यावरून हे अ‍ॅनाफेज वन की टू, कळणारच नाही. पदर बघावे लागतात. टोकाकडे निघालेल्या प्रत्येक गुणसूत्राला दोन पदर असले तर वन, एकच असला तर टू. म्हणून म्हटलं, मूळ प्रत मागा.

मग मायटॉसिसचं अ‍ॅनाफेज आणि अ‍ॅनाफेज टू यांत फरक कसा करायचा, दोन्ही तर एकपदरी? इथे एका टोकाला जमलेल्यांच्या लांब्या बघा. मायटॉसिसमध्ये एकाच टोकाला लांब दोन आणि आखूड दोन असतात, जोडीदार हजर असतो. मायोसिस टूमध्ये प्रत्येक लांबीचं एकेकच. मेटाफेजलाही हीच खूण. ओळीत चार दोनपदरी गुणसूत्रं दिसली म्हणून लगेच "मायटॉसिस, 2n = 4" लिहू नका, ते 2n = 8 असलेल्या जिवाचं मेटाफेज टूही असू शकतं. चारही वेगवेगळ्या लांबीची असतील तर तेच आहे. वर्कशीटच्या डोक्यावर 2n किती दिलंय ते आधी वाचा आणि पेन्सिलीने गोल करा. मी वाचत नाही म्हणणारी मुलं पुढे मलाच विचारतात.

रंगांचा उपयोग इथे होतो. एखाद्या पदराचं टोक दुसऱ्याच रंगाचं दिसलं, म्हणजे लाल पदराला निळं शेपूट, तर क्रॉसिंग ओव्हर झालेलं आहे आणि त्या वर्कशीटपुरतं ते चित्र मायोसिसचंच समजा. चित्र काळं-पांढरं असेल तर तुम्ही स्वतः रंगवा, पण जोडी लांबीवरून ठरवून मग.

एक उदाहरण कांद्याचं, कारण ते प्रॅक्टिकललाही येतं. कांद्याच्या मुळाच्या टोकाच्या पेशीत 2n = 16. तिथे मायटॉसिस, म्हणून मेटाफेजला १६, अ‍ॅनाफेजला पेशीत ३२, नव्या प्रत्येक केंद्रकात १६. आता त्याच कांद्याचा परागकोश घ्या, तिथे मायोसिस. मेटाफेज वनला आठ जोड्या दिसतात, गुणसूत्रं १६. (८ लिहिलंत? वर जा, परत वाचा.) अ‍ॅनाफेज वनला पेशीत १६, टोकाला ८. मेटाफेज टूला एका पेशीत ८. अ‍ॅनाफेज टूला एका पेशीत १६, टोकाला ८. शेवटी चार पेशी, प्रत्येकी ८. अख्ख्या यादीत आकडा वर उसळला तो दोनच ठिकाणी, मायटॉसिसच्या अ‍ॅनाफेजला आणि अ‍ॅनाफेज टूला, जिथे बटण उघडलं तिथे.

कांद्याच्या चित्रात सेंट्रिओल शोधू नका, वनस्पतीच्या या पेशींत ते नसतात. चित्रात दिसले तर पेशी प्राण्याची.

बाकीचं भरभर. प्रोफेज म्हणजे गुणसूत्रं दिसतात पण विस्कटलेली, आणि केंद्रकपटल विरत चाललेलं. प्रोफेज वनचे पाच उपटप्पे येतात, लेप्टोटीन वगैरे, पण आकडा पाचही ठिकाणी तोच. टेलोफेजला दोन केंद्रकं बनतात. मधून खाच पडतेय की पेशीपट्टिका तयार होतेय ते बघा, पेशी अजून एक आहे की दोन झाल्या ते ठरवा आणि केंद्रकागणिक लिहा. मायटॉसिसला ४-४, टेलोफेज वनला २-२ दोनपदरी, टेलोफेज टूला २-२ एकपदरी. प्रोफेज टूला प्रत्येक पेशीत २. चौकटीत दोन पेशी शेजारी-शेजारी काढल्या असतील तर उत्तर एका पेशीचं द्या आणि तसं लिहा.

झालं की बटणं मिटवून डब्यात ठेवा, मोजून. परवा एकाने एक पाती कुठेतरी पाडली आणि आमचं अ‍ॅनाफेज सातवरच अडलं.