एकच रिपोर्ट टेम्पलेट अनेक क्लायंटना वापरताना या चुका टाळा

छोट्या एजन्सीत नवा क्लायंट आला की आधीच्या क्लायंटचा लुकर स्टुडिओतला रिपोर्ट कॉपी होतो, नको ते चार्ट उडवले जातात आणि लोगो बदलतो. दहाव्या क्लायंटपर्यंत दहा वेगळे रिपोर्ट तयार झालेले असतात आणि एक सूत्र दुरुस्त करायचं म्हटलं तर दहा ठिकाणी हात घालावा लागतो. टेम्पलेट म्हणावं असं काहीच उरत नाही.

प्लॅटफॉर्मनुसार पानं मांडणं

पहिलं पान गूगल अॅड्सचं, दुसरं मेटाचं, अशी मांडणी केली की ज्याच्याकडे मेटा नाही त्याचं पान रिकामं दिसतं आणि क्लायंटचा खरा प्रश्न कुठल्याच पानावर येत नाही. पहिलं पान उद्दिष्टाचं ठेवा. बहुतेक छोट्या क्लायंटचं उद्दिष्ट चौकशा, ऑनलाइन विक्री किंवा दुकानाला भेटी यांपैकी एक असतं, म्हणून तीन टेम्पलेट पुरतात. प्लॅटफॉर्म हा त्यातल्या तक्त्याचा एक रकाना असावा. मग क्लायंटकडे दोन प्लॅटफॉर्म असोत की चार, तक्त्यात फक्त ओळी कमी-जास्त होतात.

त्यासाठी प्रत्येक क्लायंटचा डेटा एकाच साच्याच्या गूगल शीटमध्ये आणा: तारीख, प्लॅटफॉर्म, मोहीम, खर्च, इम्प्रेशन, क्लिक, मुख्य कृती. रकान्यांची नावं सगळीकडे तंतोतंत तीच हवीत. Make a copy करताना नवा डेटा सोर्स जोडल्यावर चार्टवर Invalid metric दिसलं, तर बहुधा नाव कुठेतरी बदललेलं असतं किंवा जुन्या डेटा सोर्समध्ये बनवलेलं सूत्र नव्यात नसतं. डेटा सोर्समधली सूत्रं रिपोर्टच्या कॉपीबरोबर नव्या डेटा सोर्समध्ये जात नाहीत. चार्टमध्ये लिहिलेली जातात.

टक्केवारीची सरासरी काढणं

शीटमध्ये सीटीआरचा तयार रकाना आणला की चार्ट त्याची बेरीज किंवा सरासरी करतो आणि दोन्ही चूक. समजा एका मोहिमेत 1,000 इम्प्रेशनवर 50 क्लिक आले, म्हणजे 5 टक्के, आणि दुसरीत 9,000 वर 90, म्हणजे 1 टक्का. सरासरी 3 टक्के दिसते. प्रत्यक्षात 10,000 वर 140 क्लिक, म्हणजे 1.4 टक्के. म्हणून शीटमध्ये फक्त मूळ आकडे ठेवा आणि गुणोत्तर चार्टमध्ये काढा:

```
SUM(क्लिक) / SUM(इम्प्रेशन)
```

प्रति चौकशी खर्चालाही हाच नियम. रीच मात्र कुठेही बेरजेत घेऊ नका. तोच माणूस दोन दिवशी, दोन मोहिमांत, दोन प्लॅटफॉर्मवर मोजलेला असतो.

प्लॅटफॉर्मचे दावे एकत्र करणं

विश्वास तुटतो तो इथे. चौकशांवर चालणारा एक क्लायंट घ्या. गूगल अॅड्स 22 चौकशा दाखवतं, मेटा 18, टेम्पलेट बेरीज करून 40 छापतं आणि क्लायंटच्या वहीत 29 असतात. दोन्ही प्लॅटफॉर्म आपापल्या नियमाने मोजतात. मेटाचा नेहमीचा हिशेब क्लिकनंतर 7 दिवस आणि नुसती जाहिरात पाहिल्यानंतर 1 दिवस असा, तर गूगल अॅड्समध्ये क्लिकनंतरची मुदत बदलली नसेल तर 30 दिवस. दोन्हीकडच्या जाहिरातींना स्पर्श करून आलेला माणूस दोघांच्या खात्यात पडतो.

उपाय म्हणजे प्रत्येक क्लायंटसाठी सेटिंगची एक ओळ: उद्दिष्ट, मुख्य कृतीचं नाव आणि तिचा एकच मान्य स्रोत. वरच्या क्लायंटसाठी तो स्रोत फॉर्मची नोंदवही. पहिल्या पानावर 29 येतात. प्लॅटफॉर्मचे आकडे खाली 'प्लॅटफॉर्मच्या दाव्यानुसार' या शीर्षकाखाली, बेरजेविना.

गूगल अॅड्समधला Conversions रकाना जोडण्याआधी त्यात कोणत्या कृती प्राथमिक ठरवल्या आहेत ते उघडून पाहा. एखाद्या खात्यात पान उघडणंही प्राथमिक केलेलं असतं आणि चौकशा अचानक शेकड्यांत दिसतात.

महिना संपताच आकडा अंतिम समजणं

गूगल अॅड्सच्या Conversions मध्ये कृती क्लिकच्या तारखेला नोंदली जाते, ती प्रत्यक्ष घडलेल्या दिवशी नाही. त्यामुळे 1 तारखेला पाठवलेला मागच्या महिन्याचा आकडा 15 तारखेला वाढलेला असतो आणि क्लायंट विचारतो, आधीचा खोटा होता का? रिपोर्टवर 'डेटा काढल्याची तारीख' छापा आणि पाठवलेला आकडा शीटच्या वेगळ्या टॅबमध्ये मूल्य म्हणून चिकटवून ठेवा.

शून्य आणि रिकामं एक समजणं

ट्रॅकिंग बंद पडलेल्या दिवशी 0 भरू नका, कोशिका रिकामी ठेवा. टाइम सिरीज चार्टच्या Style मध्ये Missing data साठी Line Breaks निवडा. Line To Zero राहिलं तर तांत्रिक बिघाड विक्री कोसळल्यासारखा दिसतो.

नवी कॉपी पाठवण्याआधी एक पूर्ण महिना निवडून खर्च आणि क्लिक प्लॅटफॉर्मच्या स्वतःच्या स्क्रीनशी ताडून पाहा. रोजचे आकडे पुढे-मागे सरकलेले असून महिन्याची बेरीज जवळपास जुळत असेल तर आधी खात्याचा टाइमझोन तपासा. सगळ्याच दिवसांत आकडा थोडा थोडा कमी असेल तर मोहिमांचं फिल्टर.