काडीमोडीच्या दाव्यात सॅव्हिनी कुठे भेटतो

एलएलबीला न्यायशास्त्राच्या पेपरात ऐतिहासिक संप्रदायावर प्रश्न हमखास असतो आणि बहुतेक मुलं तो पाठ करून सोडवतात. 1814 साली हायडलबर्गचा कायद्याचा प्राध्यापक थिबाउट याने सगळ्या जर्मन राज्यांसाठी एकच दिवाणी संहिता करा अशी मागणी केली. बर्लिनचा प्राध्यापक आणि या संप्रदायाचा म्होरक्या सॅव्हिनी याने त्याच वर्षी पुस्तिका लिहून विरोध केला. कायदा कोणी बसून बनवत नाही, तो भाषेसारखा समाजात वाढतो. आधी रूढी, मग तिच्यावर कायदेपंडितांचा हात फिरतो, असं त्याचं म्हणणं. (गंमत अशी, की जर्मन लोकमानसाचा एवढा कैवारी आयुष्यभर रमला तो रोमन कायद्यात. हा टीकेचा मुद्दा उत्तरात जरूर लिहा.)

मला हा विषय खरा कळला तो कौटुंबिक दाव्यांत काम करू लागल्यावर. आपल्याकडे अनेक जातींत काडीमोड किंवा सोडचिठ्ठीची रूढी आहे. हिंदू विवाह कायदा, 1955 आला तरी ती गेली नाही, कारण कलम 29(2) रूढीने मिळणारा घटस्फोटाचा हक्क शाबूत ठेवतं. म्हणजे संसदेने संहिता केली आणि सॅव्हिनीसाठी मागचं दार उघडं ठेवलं. मुंबई इलाख्यात तर हे दार आधीपासूनच मोठं होतं. 1827 च्या एल्फिन्स्टनकालीन चौथ्या रेग्युलेशनच्या कलम 26 मध्ये लिखित कायदा नसेल तिथे आधी त्या मुलखाची रूढी पाहा, असा क्रम होता. त्याच सुमारास स्टील या अधिकाऱ्याने दख्खनमधल्या जातींचे रिवाज गोळा करून छापले. जुन्या रूढीचा दाखला शोधताना ते पुस्तक आजही उघडावं लागतं.

पण दारातून आत यायला पुरावा लागतो. पक्षकार येतो, हातात शंभराचा स्टॅम्प पेपर. ‘आम्ही उभयतां राजीखुशीने पंचांसमक्ष फारकत घेत आहोत’, खाली दोघांच्या सह्या, चार पंचांचे अंगठे, नोटरीचा शिक्का. त्याला वाटतं, झाला घटस्फोट. शिक्क्याने मात्र फक्त कागद झाल्याचं दिसतं. अशा कागदाने लग्न मोडण्याची रूढी त्या जातीत आहे हे त्यातून सिद्ध होत नाही. यमनाजी जाधव विरुद्ध निर्मला (2002) वाचा. फारकतीचा लेख जबरदस्तीने करून घेतला, अशी पत्नीची तक्रार. वाद जबरदस्तीवरच रंगला. पण मुळात तशी रूढी आहे, असं नीट मांडलंच गेलं नव्हतं आणि त्यावर मुद्दाही निघाला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण परत खाली पाठवलं. रूढीचा घटस्फोट हा सर्वसाधारण कायद्याला अपवाद आहे, म्हणून जो सांगतो त्याने तो स्पष्ट मांडावा आणि सिद्ध करावा.

तेव्हा वादपत्रात किंवा कैफियतीत जात, मुलूख आणि रूढीचं नेमकं रूप लिहा: पंच लागतात का, दोघांची संमती लागते का, नंतर बाईला पुन्हा लग्न करता येतं का. साक्षीदारांवर तर फार मेहनत घ्या. उलटतपासात बहुतेक साक्षी एकाच जागी कोसळतात.

‘तुमच्यात काडीमोड होते?’
‘होते की, पूर्वीपासून.’
‘शेवटची कोणाची झाली?’
‘आता नाव कसं सांगू साहेब...’

इथे दावा गेला म्हणून समजा. गाव, माणसं, अंदाजे साल आणि काडीमोडीनंतर झालेलं दुसरं लग्न भावकीने मान्य केलं का, अशी दोन-चार खरी उदाहरणं सांगणारा म्हातारा शोधा. पूर्वीच्या एखाद्या निकालात त्याच जातीची तीच रूढी मान्य झाली असेल तर उत्तमच. शेजारच्या जातीचा दाखला मात्र चालत नाही. एका रूढीवरून दुसरी अनुमानाने काढता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1953 मध्येच सरस्वती अम्मल प्रकरणात सांगितलं आहे. किती जुनी असावी याबाबत आपली कोर्टं थोडी सैल आहेत. रूढी 1189 सालापासूनची असावी ही इंग्लंडची मर्यादा इथे काटेकोर लावत नाहीत. तरी हिंदू विवाह कायद्याच्या कलम 3 ची ‘दीर्घकाळ, सतत आणि एकसारखी’ ही अट आहेच. शिवाय रूढी निश्चित हवी. अवाजवी किंवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध नको.

पेपरात माझ्या मते हाच ताण लिहावा. सॅव्हिनीच्या मते लोकांनी पाळलेली रूढी हाच मुळात कायदा, कोर्ट फक्त ती ओळखतं. कायदा म्हणजे सार्वभौमाची आज्ञा मानणाऱ्या इंग्रज न्यायशास्त्रज्ञ ऑस्टिनच्या मते कोर्टाने उचलून धरेपर्यंत ती कायदाच नाही. आपलं कोर्ट बोलतं सॅव्हिनीसारखं आणि साक्ष घेतं ऑस्टिनसारखं.

हे सगळं पक्षकाराला आधीच समजावून सांगा. रूढी शाबीत झाली नाही तर पहिलं लग्न कायम राहतं, दुसरं रद्दबातल ठरतं आणि द्विभार्या गुन्ह्याची फिर्याद होऊ शकते. दोघं राजी असतील तर स्टॅम्प पेपर बाजूला ठेवून कलम 13-ब खाली परस्पर संमतीचा अर्ज करायला लावा. दुसरं लग्न आधीच झालेलं असेल, तर रूढीने झालेल्या घटस्फोटाची कोर्टाकडून घोषणा मागण्याचा दावा करा, आणि त्या म्हाताऱ्या साक्षीदाराची तब्येत बरी आहे तोवरच करा.