पंपाची मागणी रोज तपासावी की ठरलेल्या सोमवारी? दुकानातील साठ्यासाठी योग्य पद्धत कशी निवडावी

सांगली-मिरज परिसरातील शेती पंप आणि पाइप-फिटिंगच्या कोणत्याही मध्यम दुकानात दोन अगदी वेगळ्या स्वभावाचा माल एका छताखाली असतो. एका बाजूला पंचवीस हजारांच्या घरातील पाच एचपीचा सबमर्सिबल पंप असतो आणि दुसऱ्या बाजूला तीस रुपयांचा पीव्हीसी कपलर. बहुतेक दुकानदार या दोन्हींची मागणी एकाच पद्धतीने नोंदवतात, म्हणजे आठवणीने किंवा महिन्यातून एकदा गोडाऊनमध्ये फेरी मारून. कोणत्या मालाला कोणती पद्धत लावायची हे आकड्यांवरून कसे ठरवावे, ते अशाच एका दुकानाचे उदाहरण घेऊन पाहू. उदाहरणातील आकडे हिशोब समजावा म्हणून घेतले आहेत. आपल्या दुकानाचे आकडे आपण घालावेत.

दोन पद्धती म्हणजे नेमके काय

पहिल्या पद्धतीत, म्हणजे सतत आढाव्यात, साठ्यावर कायम लक्ष असते. प्रत्येक विक्रीनंतर शिल्लक पाहिली जाते आणि ती एका ठरलेल्या आकड्यावर आली की ठरलेल्या नगांची मागणी पाठवली जाते. त्या आकड्याला पुनर्मागणी पातळी म्हणतात. येथे दर वेळी मागवायचे नग तेवढेच राहतात, मात्र मागणीचा दिवस बदलतो.

दुसऱ्या पद्धतीत दिवस ठरलेला असतो आणि नग बदलतात. समजा, दर तिसऱ्या सोमवारी साठा मोजायचा आणि तो एका कमाल पातळीपर्यंत भरून निघेल इतका माल मागवायचा. याला नियतकालिक आढावा म्हणतात. मधल्या दिवसांत कोणीही काहीही मोजत नाही. या पद्धतीची सोय त्यातच आहे आणि तिची किंमतही त्यातच दडलेली आहे.

पहिली पायरी : विक्री नव्हे, मागणी लिहून काढा

प्रत्येक वस्तूची मागील २६ आठवड्यांची आठवडावार मागणी एक्सेलच्या एका रकान्यात, B2 पासून B27 पर्यंत लिहावी. येथे एक चूक हमखास होते. बिलांवरून मिळते ती विक्री. परंतु ज्या आठवड्यात पंप संपलेला होता त्या आठवड्यात विक्री शून्य दिसते आणि संगणक ती 'मागणी नव्हती' असे समजतो. म्हणून गल्ल्याजवळ एक साधी वही ठेवून परत गेलेल्या गिऱ्हाइकाची नोंद त्याच क्षणी करावी. तशी नोंद नसेल, तर ज्या आठवड्यांत माल नव्हता ते आठवडे हिशोबातून काढून टाकावेत.

या रकान्यातून दोन आकडे हवेत : आठवड्याची सरासरी मागणी आणि तिचे प्रमाण विचलन, म्हणजे मागणी सरासरीपासून साधारण किती वर-खाली होते ते.

```
=AVERAGE(B2:B27)
=STDEV.S(B2:B27)
```

तिसरा आकडा म्हणजे मागणी पाठवल्यापासून माल दारात येईपर्यंतचा काळ. तो पुरवठादाराच्या शब्दावर घेऊ नये, मागील पाच-सहा बिल्टींवरील तारखांवरून काढावा.

दुसरी पायरी : महागड्या पंपाचा हिशोब

आपल्या दुकानात पाच एचपीच्या पंपाची सरासरी मागणी आठवड्याला ४ नग आहे, विचलन २ नगांचे आहे आणि कोइंबतूरहून माल यायला २ आठवडे लागतात. मागणी पाठवल्यानंतरच्या दहा वेळांपैकी साडेनऊ वेळा माल संपू नये, म्हणजे ९५ टक्के खात्री हवी, असे मालकांनी ठरवले आहे, त्यासाठी १.६५ हा गुणक वापरतात.

सतत आढाव्यात धोका फक्त माल येईपर्यंतच्या दोन आठवड्यांचा असतो. त्या काळात सरासरी ८ पंप जातील आणि मागणी सरासरीहून वाढली तर पुरावा म्हणून वर राखीव साठा लागेल गुणक × विचलन × √आठवडे, येथे १.६५ × २ × √२, म्हणजे ४.६७, अर्थात ५ नग. पुनर्मागणी पातळी झाली १३. पंपांची शिल्लक १३ वर आली की १२ नग, म्हणजे तीन आठवड्यांची सोय, मागवायची.

आता हेच दर तिसऱ्या सोमवारी मोजायचे ठरवले तर काय होते ते पाहा. सोमवारी मोजणी झाली, मंगळवारी तासगावकडच्या एका ठेकेदाराने एकदम पाच पंप उचलले, तरी पुढचे जवळजवळ तीन आठवडे ही गोष्ट मागणीपर्यंत पोहोचत नाही आणि पोहोचल्यावरही माल यायला दोन आठवडे लागतात. आज पाठवलेल्या मागणीने ३ अधिक २, अशा ५ आठवड्यांचा चढ-उतार पेलला पाहिजे. म्हणून सरासरी मागणी २० आणि राखीव साठा १.६५ × २ × √५, म्हणजे ७.३८, अर्थात ८ नग. कमाल पातळी २८. आढाव्याच्या सोमवारी गोडाऊनमध्ये ११ पंप असतील तर १७ मागवायचे.

खात्री तीच, विक्री तीच, तरीही दुसऱ्या पद्धतीत ३ पंप कायमचे जास्त पडून राहतात. त्यात ७५,००० रुपये अडकतात आणि कॅश क्रेडिटचा दर १२ टक्के धरला तर वर्षाला ९,००० रुपये व्याज जाते. पंप दिवसाला एखादाच विकला जातो. त्याची शिल्लक प्रत्येक बिलानंतर पाहायला एक मिनिटही लागत नाही. अशा मालाला सतत आढावाच योग्य.

तिसरी पायरी : शिल्लक म्हणजे फळीवरचा माल नव्हे

सतत आढावा सुरू केलेल्या दुकानांत पहिल्या दोन महिन्यांत जो गोंधळ होतो, तो जवळजवळ नेहमी एकाच कारणाने होतो. शिल्लक १३ झाली, १२ ची मागणी गेली. चार दिवसांनी फळीवर ९ पंप उरले. दुसऱ्या पाळीतील मुलगा पाहतो की ९ हे १३ पेक्षा कमी आहेत आणि तो प्रामाणिकपणे आणखी १२ पंपांची मागणी पाठवतो. दोन आठवड्यांनी गोडाऊनमध्ये पंप ठेवायला जागा राहत नाही.

पातळीशी ताडायचा आकडा असा काढावा : फळीवरचा माल, अधिक वाटेवर असलेला माल, वजा गिऱ्हाइकाकडून आगाऊ पैसे घेऊन द्यायचा राहिलेला माल. वरील उदाहरणात तो ९ अधिक १२, म्हणजे २१ आहे. मागणीची वेळ अजून आलेली नाही. स्टॉकच्या वहीत 'वाटेवर' असा स्वतंत्र रकाना नसेल, तर ही पद्धत सुरूच करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

चौथी पायरी : कपलरचा हिशोब

६३ मिलिमीटरच्या कपलरची मागणी आठवड्याला ६० नग आणि विचलन २५ आहे. कोल्हापूरच्या वितरकाकडून माल आठवड्यात येतो. सतत आढाव्यात राखीव साठा ४२ नग लागतो. दर दोन आठवड्यांनी आढावा घेतला तर धोक्याचा काळ ३ आठवड्यांचा होतो आणि राखीव साठा ७२ नगांवर जातो. कमाल पातळी २५२. फरक ३० कपलरांचा, म्हणजे ९०० रुपयांचा, आणि वर्षाचे व्याज १०८ रुपये.

एवढ्यासाठी रोज कपलर मोजणे व्यर्थ आहे. शिवाय एल्बो, टी, रिड्यूसर, एंड कॅप असे शंभर-दीडशे प्रकार त्याच वितरकाकडून येतात. प्रत्येक प्रकार आपापल्या पातळीवर पोहोचेल तेव्हा वेगळी मागणी गेली, तर भाडे, हमाली आणि बिलांची नोंद यांतच नफा जाईल. एका ठरलेल्या दिवशी सर्व प्रकार मोजून एकच मागणी पाठवावी, हे येथे सरळ फायद्याचे आहे.

स्वस्त मालाला मोजणीशिवाय सतत आढावाही लावता येतो. नट-बोल्ट आणि वॉशरसाठी दोन डबे ठेवावेत. मागच्या डब्यात पुनर्मागणी पातळीइतका माल भरून वर मागणीची चिठ्ठी ठेवावी आणि झाकण लावावे. पुढचा डबा संपून मागचा उघडला, की त्यातील चिठ्ठी मागणीच्या खिळ्याला लावायची. वही नको, संगणक नको. मात्र चिठ्ठी खिशात राहिली तर पद्धत तेथेच संपते.

पंपांच्या बाबतीतही एक मधला मार्ग आहे. एकाच कारखान्याची पाच-सहा मॉडेल असतील, तर एखादे मॉडेल आपल्या पातळीवर आले की जी मॉडेल पातळीपासून दोन-तीन नगच वर आहेत तीही त्याच गाडीत मागवून घ्यावीत. भाडे एकदाच पडते आणि लक्षही सुटत नाही.

पाचवी पायरी : वर्षाला तीन विकल्या जाणाऱ्या मालाचे काय

पंधरा एचपीची मोटार वर्षाला तीनच जाते. बहुतेक आठवड्यांत मागणी शून्य असल्यामुळे सरासरी आणि विचलनाचे वरील सूत्र येथे फसवे ठरते. अशा महाग आणि तुरळक मालाचा एकच नग ठेवावा आणि तो विकला त्याच दिवशी दुसरा मागवावा. माल दोन आठवड्यांत येत असेल, तर दर दहा गिऱ्हाइकांपैकी साधारण नऊंना मोटार लगेच मिळते. दहाव्याला थांबवणे हे दुसरी मोटार वर्षभर सांभाळण्यापेक्षा सहसा स्वस्त पडते.

सहावी पायरी : हंगामाआधी पातळी बदला

आठवड्याला ४ पंप ही वर्षाची सरासरी आहे. प्रत्यक्षात मार्च ते मे या काळात विहिरी-बोअरचे पाणी खाली जाते आणि मागणी ८ वर जाते, विचलन ३ होते. त्यावेळी पुनर्मागणी पातळी १६ अधिक ७, म्हणजे २३ हवी. ही पातळी मार्चमध्ये बदलून उपयोग नाही. माल यायला दोन आठवडे लागतात, म्हणून ती फेब्रुवारीच्या मध्यालाच वाढवावी लागते. द्राक्षपट्ट्यात सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फळछाटणीपूर्वी ठिबकच्या मालासाठी हेच करावे आणि त्या काळापुरता फिटिंगचा आढावा दोनऐवजी एका आठवड्यावर आणावा.

राखीव साठ्याचे हे सूत्र नेहमीच्या चढ-उतारापुरते आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूरजवळ पुणे-बंगळूर महामार्ग काही दिवस बंद होता. तशा खंडासाठी १.६५ चा गुणक वाढवत बसू नये आणि कृष्णाकाठच्या सखल गोडाऊनमध्ये तर पावसाळ्याच्या तोंडावर साठा वाढवण्यापेक्षा तो वरच्या मजल्यावर हलवणे बरे.

वाढवलेली पातळी उतरवायला लोक विसरतात. मे संपत आला, पातळी २३ च राहिली आणि शेवटच्या आठवड्यात १२ पंपांची मागणी गेली, तर ते पंप जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पाऊस सुरू झाल्यावर गोडाऊनला लागतात. म्हणून पातळी १३ वर आणण्याची तारीख मेच्या मध्याची धरावी आणि फेब्रुवारीत ती वाढवतानाच दुकानातील कॅलेंडरवर लिहून ठेवावी.